जॅक बदलला, 'आयसी' बदलला, आणि बिघाड होता एका ॲपमध्ये

अण्णांचा फोन चार्ज होईना, तेव्हा आम्हाला एकच उपाय ठाऊक होता: बंद करून पुन्हा चालू करायचा. तसं केलं की तासभर आकडा नीट चढायचा आणि मग थांबायचा. पिन लावलेली, स्क्रीनवर विजेची खूण, तरी सकाळी उठून पाहावं तर पंचवीस-तीस टक्केच. चार्जर आणि केबल दोन्ही बदलून पाहिले, फरक पडला नाही.

स्टँडजवळच्या दुकानात नेला. त्याने पिन हलवून पाहिली आणि सांगितलं, "ताई, जॅक गेलाय." ६५० रुपये घेतले आणि आमच्यासमोर चार्जिंगला लावून दाखवला. आकडा चढत होता, म्हणून आम्ही समाधानाने घरी आलो. दोन दिवसांत पुन्हा तेच. या वेळी तो म्हणाला, "बोर्डवरचा चार्जिंग आयसी उडालाय, २८०० लागतील, फोन ठेवून जा." संध्याकाळी फोन मिळाला तो पार कोरा. "आयसी बदलला की डेटा जातो," असं त्याने सांगितलं आणि मी ते खरं मानलं.

ते खरं नाही. चार्जिंगचा आयसी आणि फोटो साठवणारी चिप या वेगळ्या वस्तू आहेत. आयसी बदलताना फोटो आपोआप पुसले जात नाहीत. त्याने फक्त फॅक्टरी रीसेट केला होता.

आठवड्यानंतर त्रास परत सुरू झाला, तेव्हा मी ओळखीच्या एका कारागिराकडे गेले. त्याने पहिल्यांदा फोन उघडलाच नाही. फोन बंद केला, चार्जरला लावला आणि अर्धा तास थांबला. २२ टक्क्यांचे ३८ झाले. मग केबलला हात न लावता सेफ मोडमध्ये चालू केला. अण्णांच्या फोनमध्ये पॉवरचं बटण दाबून धरायचं आणि स्क्रीनवरचं Power off बोटाने दाबून ठेवायचं, की तो पर्याय येतो. काही फोनमध्ये चालू होताना आवाज कमी करायचं बटण दाबून धरावं लागतं. कोपऱ्यात Safe mode अशी अक्षरं दिसली. तिथेही अर्ध्या तासात १५ टक्के वाढले. मग नेहमीसारखा चालू करून अण्णांना रोजच्यासारखा वापरायला दिला. अर्ध्या तासात फक्त दोन टक्के, आणि पाठ हाताला चटका बसेल इतकी तापलेली.

सेफ मोडमध्ये आपण स्वतः टाकलेली ॲप बंद राहतात. जॅक, बॅटरी, आयसी सगळं तेच असूनही तिथे चार्जिंग नीट होत असेल, तर संशय पहिल्यांदा ॲपवर घ्यायचा. बॅटरीच्या सेटिंगमध्ये सर्वांत वर निघालं 'फास्ट चार्जिंग' करून देणारं एक ॲप. बॅटरी लवकर उतरते म्हणून अण्णांनीच ते कुठल्याशा लिंकवरून घेतलं होतं आणि रीसेटनंतर पुन्हा टाकलं होतं. ते मागे सतत जाहिराती चालवत होतं. आलेली वीज तेच खात होतं, शिवाय बॅटरी ४५ अंशांच्या आसपास तापली की फोन स्वतःच चार्जिंग कमी करतो. या फोनमध्ये त्या ॲपला ऑटोस्टार्टची परवानगी नव्हती, म्हणून रीस्टार्टनंतर अण्णा ते उघडेपर्यंत सगळं ठीक चालायचं.

दुकानातल्या 'दाखवण्या'चा अर्थ मला इथे कळला. कोणतीही दुरुस्ती केली तरी फोन बंद-चालू होतोच. जो बिघाड रीस्टार्टने तासभर जातो, तो दुकानात दहा मिनिटं गेलेला दिसणारच. तिथला चढता आकडा दुरुस्तीचा पुरावा नव्हता.

मग मी फोन उघडायला सांगितला. जॅकची पट्टी नवी होती, पण मूळ बोर्डवर आयसी झाकणारा पत्रा कंपनीतून आला तसाच पक्का होता. तो उचलल्याशिवाय या फोनमध्ये आयसीपर्यंत पोचताच येत नाही. २८०० रुपये न केलेल्या कामाचे होते.

एक गोष्ट मात्र कारागिराने बजावून सांगितली: नुसत्या सेफ मोडवर विसंबू नका. तिथे फोनवर भार कमी असतो, त्यामुळे खराब केबल किंवा गंजलेल्या जॅकमधून येणारी थोडीशी वीजही पुरते आणि चार्जिंग ठीक वाटतं. म्हणून बंद फोनचा आकडा आधी घ्यायचा. बंद असतानाही टक्के रखडत असतील किंवा पिन जरा हलली की चार्जिंग तुटत असेल, तर दोष ॲपचा नाही, जॅक, केबल, चार्जर, बॅटरी किंवा आयसी यांपैकी कशाचा तरी असतो. आणि रीस्टार्ट करताना पिन काढायची नाही. नाहीतर गुण रीस्टार्टचा की पिन पुन्हा नीट बसल्याचा, हे कळत नाही.

ॲप काढलं त्या दिवसापासून फोन नीट चार्ज होतोय. मी दुकानात जाऊन काढलेला जुना आयसी मागितला, तर "फेकून दिला" म्हणाला. पत्र्याचा फोटो दाखवल्यावर २८०० परत केले. जॅकचे ६५० दिले नाहीत, आणि आईच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो फक्त त्याच फोनमध्ये होते.