मुठीची ताकद भागिले वजन: काही महिने घरी मोजल्यानंतर

घरी हँड डायनामोमीटर आणला त्याला आता बरेच महिने झाले. साधंच यंत्र आहे: मुठीत धरायचं, जीव लावून दाबायचं, आणि सर्वांत जास्त लागलेला जोर पडद्यावर किलोत दिसतो. त्या आकड्याला स्वतःच्या वजनाने भागलं की जे गुणोत्तर येतं, त्यासाठी मी तो घेतला. यंत्राबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गुणोत्तराबद्दल मात्र आहे, कारण ते फार उपयोगी आहे आणि एका विशिष्ट परिस्थितीत चक्क फसवतं.

आधी मोजण्याची पद्धत, कारण ती ढिली असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. खुर्चीत पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, दंड अंगालगत, कोपर काटकोनात, अंगठा वरच्या बाजूला. मनगट सरळ किंवा किंचित मागे. तीन-चार सेकंद दाबायचं, श्वास सोडत. दम कोंडून दाबलं की रक्तदाब एकदम चढतो, म्हणून ही सवय पहिल्यापासून लावावी. प्रत्येक हाताने तीनदा, मध्ये मिनिटभर विश्रांती, आणि तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा लिहायचा. यंत्राच्या मुठीची रुंदी एकदा ठरवली की बदलायची नाही. पकड फार अरुंद किंवा फार रुंद झाली तर बोटांच्या स्नायूंना पूर्ण जोर लावताच येत नाही. उभं राहून हात खाली झटकत दाबलं तर आकडा फुगतो, आणि घरातली तरुण मंडळी नेमकं तेच करतात.

इतकं सांभाळूनही सकाळ-संध्याकाळ एक-दोन किलोचा फरक पडतोच. त्यामुळे एका दिवसाच्या आकड्याला मी किंमत देत नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी मोजतो आणि महिन्याची सरासरी बघतो. यंत्र खरं बोलतंय का हे तपासायला अधूनमधून त्याच्या मुठीला दोरीने पाण्याचा भरलेला कॅन टांगतो. कॅन आधी वजनकाट्यावर तोललेला असला की दोन्ही आकडे जुळतात की नाही हे लगेच कळतं.

आता मुख्य गोष्ट. सुरुवातीला माझं वजन ८४ किलो होतं आणि उजव्या मुठीची ताकद ३७ किलो. गुणोत्तर ०.४४. मग मी आहार कमी करून, भरपूर चालून वजन उतरवलं. काही महिन्यांनी काटा ७४ वर आला. त्या वेळी मुठीचा आकडा होता ३३, आणि गुणोत्तर ०.४५. म्हणजे नुसतं गुणोत्तर पाहणाऱ्याला वाटेल की स्नायू होते तसेच आहेत, उलट किंचित सुधारलेत. प्रत्यक्षात चार किलो ताकद गेली होती, आणि हा फरक रोजच्या चढउतारात बसणारा नाही. ताकद ३७ वरच टिकली असती तर गुणोत्तर ०.५० व्हायला हवं होतं. छेद घटला म्हणून अंशाची घट झाकली गेली, इतकंच. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूंचाही काही हिस्सा जातो, आणि तो किती गेला हे वजनकाटा सांगत नाही, एकटं गुणोत्तरही सांगत नाही.

म्हणून वहीत मी तीन रकाने ठेवतो: वजन, ताकद, गुणोत्तर. वजन स्थिर असताना गुणोत्तर वाढलं तर ती खरी वाढ. वजन उतरत असताना आधी ताकदीचा रकाना बघायचा. तो जागेवर असेल तरच गुणोत्तरातल्या सुधारणेवर विश्वास ठेवायचा.

मग गुणोत्तर हवंच कशाला, नुसती ताकद का नको? त्याचं उत्तर दोन माणसं शेजारी ठेवली की मिळतं. दोघांचीही मूठ ३४ किलोची, पण एकाचं वजन ६० आणि दुसऱ्याचं ९५. पहिल्याचं गुणोत्तर ०.५७, दुसऱ्याचं ०.३६. जिना चढताना, जमिनीवरून उठताना आपल्याला स्वतःचंच शरीर उचलायचं असतं, आणि दुसऱ्याला तेवढ्याच ताकदीवर ३५ किलो जास्त उचलावे लागतात. शिवाय चरबी स्नायूंच्या आतही साठते. असा स्नायू आकाराने भरलेला दिसला तरी किलोमागे जोर कमी देतो. स्नायूंची गुणवत्ता म्हणतात ती हीच. ती काटेकोर मोजायची तर स्कॅन करून स्नायूंचं वस्तुमान काढावं लागतं आणि ताकदीला त्याने भागावं लागतं. आपण संपूर्ण वजनाने भागतो, म्हणून हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे.

यातूनच दुसरी मर्यादा येते. ताकद स्नायूच्या जाडीवर, म्हणजे त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, आणि शरीर मोठं होतं तसं वजन त्या क्षेत्रफळापेक्षा वेगाने वाढतं. त्यामुळे थोराड हाडापेराच्या निरोगी माणसाचं गुणोत्तर सडपातळ माणसापेक्षा कमीच येतं. दोन व्यक्तींची तुलना करताना उंची-बांधा साधारण सारखा असावा. स्वतःची तुलना स्वतःशी केली तर ही अडचण उरत नाही, आणि माझ्या मते या आकड्याचा सर्वांत चांगला उपयोग तोच.

बाहेर वाचताना एक काळजी घ्या. काही ठिकाणी ताकदीला वजनाने नव्हे तर बीएमआयने भागतात. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका तज्ज्ञगटाने दिलेल्या मर्यादा, पुरुषांसाठी १.० आणि स्त्रियांसाठी ०.५६, त्या पद्धतीच्या आहेत. माझी उंची १७० सेंटीमीटर, त्यामुळे सुरुवातीचा माझा तो आकडा १.२७ येतो. ०.४४ घेऊन १.० शी तुलना केली तर विनाकारण घाबरायला होईल. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या मर्यादा नुसत्या ताकदीच्या आहेत: पुरुष २८ किलोच्या खाली, स्त्रिया १८ किलोच्या खाली असतील तर स्नायूंची ताकद कमी समजावी.

घरात हा आकडा सर्वांना लागू पडला नाही, हेही सांगायला हवं. माझ्या मोठ्या भावाच्या अंगठ्याच्या मुळाशी सांधेदुखी आहे. त्याची मूठ दुखण्यामुळे सुटते, स्नायूंमुळे नाही. त्याचं गुणोत्तर फारच कमी आलं, पण हात छातीशी घडी घालून खुर्चीतून सलग पाच वेळा उठ-बस त्याने अकरा सेकंदांत केली. यात पंधरा सेकंदांहून जास्त वेळ लागला तर पायांची ताकद कमी धरतात. त्याच्यासाठी आम्ही डायनामोमीटर बाजूला ठेवला आणि हीच चाचणी लिहायला लागलो. बोटांना मुंग्या येत असतील, मनगटाची शस्त्रक्रिया झालेली असेल, त्यांनाही हेच सुचवेन.

आणि ताकद कमी दिसली म्हणून स्प्रिंगचा ग्रिपर घेऊन दिवसभर दाबत बसू नका. त्याने पुढच्या हाताचे स्नायू वाढतात, आकडाही वाढतो, पण मांड्या आणि पाठ होत्या तिथेच राहतात. मग तो आकडा बाकीच्या शरीराबद्दल काही सांगेनासा होतो. मी वजनं उचलणं सुरू केलं, बैठका आणि ओढण्याचे व्यायाम, जेवणात प्रथिनं वाढवली, आणि ग्रिपरला हात लावला नाही. सध्या वजन ७५, मूठ ३६, गुणोत्तर ०.४८. या वेळी वाढ ताकदीच्या रकान्यातून आली आहे.