मुलांचा स्विमसूट आणि पोहण्याची चड्डी: दहा महिने वापरल्यावर मापाबद्दल आणि कापडाबद्दल

आमची दोन्ही मुलं गेल्या उन्हाळी बॅचपासून पोहायला जातात. लेक सात वर्षांची आहे, मुलगा पाचचा. आठवड्यातून तीन दिवस क्लोरीनचा तलाव, पावसाळ्यात थोडा खंड. लेकीकडे दोन सूट आहेत आणि ते आळीपाळीने वापरले. एक आम्ही माप घेऊन आणलेला, पॉलिस्टर आणि पीबीटी नावाच्या मुळातच ताणल्या जाणाऱ्या धाग्याच्या कापडाचा. दुसरा तिच्या आत्याने आणलेला, नायलॉन-इलास्टेनचा, एक साइज मोठा. त्यामुळे माप आणि कापड या दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी पाहता आल्या.

आधी मापाचं. दुकानात ठरलेलं वाक्य असतं, "ताई, वाढत्या अंगाची मुलगी आहे, एक नंबर मोठाच न्या." फ्रॉक आणि शाळेच्या गणवेशाला हे लागू पडतं, स्विमसूटला अजिबात नाही. कोरडा असताना जो सूट जेमतेम सैल वाटतो, तो पाण्यात आणखी सैल होतो. भिजलेलं कापड जड होतं, ताणलं जातं आणि अंगावरून सरकतं. लेक भिंतीला पाय लावून पुढे झेपावली की आत्याच्या सूटच्या गळ्यातून पाणी आत शिरायचं आणि पोटावर फुगा धरायचा. पट्टा खांद्यावरून घसरायचा. मग प्रत्येक फेरीनंतर थांबून पट्टा वर घ्यायचा. हात मारण्याकडे लक्ष कुठून राहणार? मापाच्या सूटमध्ये हे एकदाही झालं नाही.

एक तुकडी सूटचं खरं माप छातीवर किंवा वयावर ठरत नाही, धडाच्या फेऱ्यावर ठरतं. खांद्याच्या मध्यावर टेप धरायची, पुढून पोटावरून खाली न्यायची, दोन पायांमधून घेऊन पाठीवरून पुन्हा त्याच खांद्यावर आणायची. टेप अंगाला लागलेली हवी, आवळलेली नको. आमच्या लेकीची उंची तेव्हा १२२ सेंमी होती, छाती ६० आणि हा फेरा ११२. तक्त्यात छातीप्रमाणे एक साइज येत होता आणि फेऱ्याप्रमाणे त्याच्या वरचा. आम्ही फेऱ्याचा धरला. कारण कापड आडवं ताणून छातीला सहज बसतं, छातीवर थोडं ढिलं असलं तर पाठीचा आडवा कट ते सांभाळून घेतो. पण फेरा कमी पडला तर पट्टे खांद्यात रुततात, खाली काचतं आणि मूल सारखं कापड ओढत राहतं. बहुतेक तक्त्यांत हे माप 'टॉर्सो' या नावाने असतं. ते नसेल तर दुकानदाराला विचारा. आपल्याकडच्या अनेक स्वस्त सूटवर नुसतं वय छापलेलं असतं आणि त्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

घालून पाहताना आम्ही हे करतो. लेकीला दोन्ही हात वर करायला, उकिडवं बसायला आणि पुढे वाकायला सांगायचं. वाकल्यावर गळ्याशी पोकळी पडली तर सूट मोठा. हात वर केल्यावर खाली ओढ बसली तर लहान. पट्टा खांद्यावरून साधारण दोन बोटं उचलला गेला पाहिजे, त्याहून फार नाही. काढल्यावर मांडीवर फिकट रेघ उमटली तर चालते, लाल वळ चालत नाही.

मग वाढत्या अंगाची सोय कुठे ठेवायची? कटमध्ये. पट्ट्यांना सरकणारी कडी असेल तर फेऱ्यात तीन-चार सेंमी हाताशी राहतात. या वयात मुलं वर्षाला साधारण पाच-सहा सेंमी वाढतात आणि त्यातलं बरंचसं पायांत जातं, धडात कमी. आमच्या लेकीची उंची या काळात पाच सेंमी वाढली, फेरा तीनच. कडी पूर्ण सोडल्यावर तोच सूट अजून बसतो. अर्ध्या बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा सूट उन्हासाठी चांगला, पण त्याला पट्टे नसतात, त्यामुळे तो फेऱ्यात एकदा तोकडा झाला की संपला.

आता क्लोरीन. सूटला ताण देतात ते इलास्टेनचे धागे, ज्याला आपण सरसकट लायक्रा म्हणतो. क्लोरीन नेमके तेच धागे कुरतडतं. नायलॉन त्या मानाने बराच काळ शाबूत दिसतं, म्हणून बाहेरून सूट ठीक वाटतो. आत्याच्या सूटचं असंच झालं. सहाव्या महिन्याच्या आसपास बुडाकडचं कापड उजेडात धरल्यावर झिरझिरीत दिसू लागलं. पायाच्या कडेची शिलाई ओढली की आतून कोरडा, चुरचुरीत आवाज यायचा आणि बारीक पांढरे धागे बाहेर डोकावायचे. सैलपणा मोठ्या मापाचा आहे की कापड मेलंय, हे ओळखायचं असेल तर खडूने दहा सेंमी अंतरावर दोन खुणा करा, कापड पंधरा सेंमीपर्यंत ताणा आणि सोडा. लगेच दहावर आलं तर इलास्टेन जिवंत आहे. तो सूट साडेअकरावर थांबला. पीबीटीवाला जागच्या जागी परत येतो, कारण त्यात ताण इलास्टेनवर अवलंबून नाही, पॉलिस्टर आणि पीबीटी दोघंही क्लोरीनला टिकतात. रंग मात्र त्याचाही थोडा उतरलाय. हे कापड जरा ताठ असतं, पहिल्या आठवड्यात लेकीला ते टोचल्यासारखं वाटायचं, हेही सांगायला हवं.

धुण्याची पद्धत दोन्ही सूटना सारखीच होती. तलावात उतरण्याआधी साध्या पाण्याखाली अंगावरच भिजवायचा, कारण आधीच भिजलेलं कापड तलावाचं पाणी कमी ओढतं. बाहेर आल्यावर लगेच साध्या पाण्यात खळबळायचा, पिळायचा नाही, टॉवेलमध्ये दाबायचा आणि सावलीत वाळत घालायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओला सूट संध्याकाळपर्यंत पडून राहिला तर क्लोरीन तेवढा वेळ आपलं काम करतच राहतं.

मुलाचं प्रकरण सोपं आहे. त्याची एक ढगळ शॉर्ट्स आहे, खिसे आणि आत जाळीचं अस्तर असलेली. ती समुद्रावर वाळूत खेळायला छान. पोहायला मात्र खिशात पाणी भरतं, पाय मारताना कापड फुगतं आणि भिंतीवरून निघताना चड्डी कमरेवरून खाली येते. जाळी मांडीच्या आतल्या बाजूला घासते, तिथे त्याला लाल चट्टे उठायचे. बऱ्याच तलावांवर अशी सैल चड्डी चालतही नाही. दुसरी जॅमर, म्हणजे अंगाला चिकटलेली गुडघ्यापर्यंतची चड्डी. तिला फेऱ्याची भानगडच नाही, कंबर आणि मांडी बसली की झालं. उंची वाढली की ती गुडघ्याच्या जरा वर जाते, एवढंच. घेताना नाडी ओढून पाहा: पुष्कळ लहान मापांत ती नुसती पुढे शिवलेली, शोभेची असते. कमरेतून फिरणारी खरी नाडी असेल तर कंबरेला थोडं मोठं माप बिनधास्त घ्या. वाढीव माप चालतं ते इथेच.

रंग निवडताना फिका निळा आणि पांढरा टाळा. तलावाच्या निळ्या तळाशी तो रंग मिसळतो आणि काठावरून मूल पटकन दिसत नाही. आमचे दोन्ही आता भडक केशरी आहेत.

खर्चाचा हिशोब असा की पीबीटी सूट आत्याच्या सूटच्या जवळपास दुप्पट किमतीचा होता. मूल फक्त मे महिन्यात पोहणार असेल तर साधा नायलॉन-इलास्टेन पुरे, तो विरण्याआधी मापाबाहेर जाईल. वर्षभर आठवड्यातून तीनदा जाणार असेल, किंवा पाठच्या भावंडाला द्यायचा असेल, तर पीबीटीच घ्या. लेकीचा पुढचा सूट आम्ही फेरा ११५ धरून घेतोय, सरकत्या पट्ट्यांचा. आताचा तिच्या मामेबहिणीकडे जाईल. तिचा फेरा अजून १०९ आहे, तो ११२ च्या आसपास गेला की पट्टे पुन्हा आखडून तिला तो बसेल.