पाय जड, दिवा हिरवा: छातीचा पट्टा आणि एचआरव्ही अ‍ॅप, काही महिन्यांच्या वापरानंतर

आधीच सांगून टाकते: पट्टा उत्तम आहे, त्याच्या अ‍ॅपमधला रंगीत दिवा मी बंद करून ठेवला आहे. सकाळी उठल्यावर छातीला पट्टा लावायचा, मिनिटभर शांत बसायचं, मग अ‍ॅप विश्रांतीतली नाडी आणि एचआरव्ही दाखवतं. त्यावरून हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा लागतो. हिरवा म्हणजे आज जोरात पळा, लाल म्हणजे आराम करा. मी वर्षानुवर्षं धावते, जोडीला सायकल आणि थोडी वजनं. माझ्यासारख्या माणसाला हा दिवा नेमका जेव्हा उपयोगी पडायला हवा तेव्हाच उलटा लागला.

एचआरव्ही म्हणजे काय, ते थोडक्यात. हृदयाचे ठोके घड्याळासारखे सारख्या अंतराने पडत नाहीत. दोन ठोक्यांमधलं अंतर दर वेळी थोडं कमीजास्त होतं, श्वास घेताना कमी, सोडताना जास्त. लागोपाठच्या अंतरांमधला हा फरक किती, हे आरएमएसएसडी नावाचा आकडा मिलिसेकंदांत सांगतो. हृदयाला शांत ठेवणाऱ्या व्हेगस नसेचा प्रभाव जास्त असेल तर हा आकडा साधारणपणे मोठा येतो आणि नाडी कमी असते. त्यामुळे सगळीकडे एकच सूत्र वाचायला मिळतं: नाडी खाली आणि एचआरव्ही वर म्हणजे ताजेतवाने, नाडी वर आणि एचआरव्ही खाली म्हणजे थकलेले. ताप, अपुरी झोप किंवा आदल्या रात्रीची दारू असेल तर हे बहुतेक वेळा खरं ठरतं. सरावाच्या थकव्याला मात्र ते डोळे मिटून लावता येत नाही.

वापराचं म्हणाल तर तक्रारी किरकोळ आहेत. पट्ट्याच्या आतली संवेदक जागा पाण्याने नीट ओली केली नाही तर पहिली काही सेकंदं वेडेवाकडे आकडे येतात. मोजून झाल्यावर पुढची डबी पट्ट्यापासून सोडवून ठेवली नाही तर बटण सेल लवकर संपतो. इलास्टिक सैल व्हायला लागलंय. मनगटी घड्याळही रात्रभराची एचआरव्ही देतं, पण झोपेतला आकडा आणि उठून बसल्यावरचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची तुलना करू नका. मी सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहापाण्याच्या आधी, बसून मोजते. रोज तसंच.

आता मुद्द्याचं. एका लांब शर्यतीच्या तयारीत तीनेक आठवडे सराव बराच वाढवला होता. एरवी आठवड्याला सहा तासांच्या आसपास व्यायाम होतो, तो दहावर गेला. त्याआधीच्या एका साध्या आठवड्यातले आरएमएसएसडीचे आकडे असे होते: ५४, ६३, ४९, ६१, ५८, ६६, ५५. सरासरी ५८, नाडी ५२ च्या आसपास. वाढीव सरावाच्या शेवटच्या आठवड्यातले आकडे: ६६, ८१, ६२, ७९, ८५, ७०, ७७. सरासरी ७४, नाडी ४७. दिवा जवळजवळ रोज हिरवागार.

आणि मी? जिना चढताना मांड्या भरून यायच्या. चिडचिड वाढली होती, झोप लागायची पण पहाटे उगाच जाग यायची.

खरी गंमत धावताना दिसली. माझी एक ठरलेली फेरी आहे: सपाट रस्ता, वीस मिनिटं, किलोमीटरला साडेपाच मिनिटांचा वेग. एरवी या फेरीत नाडी सरासरी १५२ असते आणि दहापैकी पाच इतके कष्ट वाटतात. त्या आठवड्यात त्याच वेगाला नाडी १४४ होती आणि कष्ट सात वाटले. वेगवान तुकड्यांच्या दिवशी तर शेवटच्या तुकड्यात नाडी १७८ पर्यंत जायची, ती १६९ च्या वर सरकेचना, आणि वेळही घसरली. गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलाय आणि इंजिन प्रतिसादच देत नाही, असं काहीसं.

घड्याळाने मात्र ‘त्याच वेगाला कमी नाडी’ एवढंच पाहिलं आणि तंदुरुस्ती वाढल्याचं जाहीर केलं.

माझी केस जगावेगळी नाही. फ्रान्समधले संशोधक ल मर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ट्रायथलॉनपटूंवर याचाच अभ्यास प्रसिद्ध केला. काही आठवडे सराव मुद्दाम वाढवल्यावर ज्यांची कामगिरी घसरली, त्यांची विश्रांतीतली नाडी कमी झाली होती आणि एचआरव्ही वाढली होती. एकेका दिवसाच्या आकड्यात हा बदल दिसत नव्हता, आठवड्याच्या सरासरीत दिसत होता. वरचे माझे दोन आठवडे पुन्हा बघा. साध्या आठवड्यातला ६६ आणि थकलेल्या आठवड्यातला ६२ शेजारी ठेवले तर काय कळणार? सात दिवसांच्या सरासरीत मात्र ५८ विरुद्ध ७४ हा फरक लपत नाही.

मग कारण काय? एक तर सहनशक्तीच्या सरावाने रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त बाहेर पडतं, म्हणून नाडी उतरते. हा भाग चांगलाच आहे. दुसरा भाग वेगळा: सततच्या ताणाखाली हृदयाला चेतवणारी अ‍ॅड्रेनलिनची बाजू मंदावते, आणि व्हेगसची बाजू तुलनेने वरचढ दिसते. विश्रांतीत हे ‘निवांत’ वाटतं. जोर लावायची वेळ येते तेव्हा हृदय वरच्या पट्टीला पोहोचतच नाही. दोन्ही कारणांनी सकाळचा आकडा एकाच दिशेला जातो, म्हणून नुसत्या सकाळच्या आकड्यावरून फिटनेस वाढला की शरीर थकलं, हे ओळखता येत नाही.

ओळखायचं ते ठरलेल्या फेरीवरून. नाडी उतरली आणि कष्टही कमी वाटले, शिवाय जोर लावल्यावर नाडी पूर्वीइतकी चढली, वेळ सुधारली, तर ती प्रगती. नाडी उतरली पण कष्ट वाढले, आणि जोर लावूनही नाडी वर जात नाही, वेळ घसरते, तर ते ओव्हररीचिंग, म्हणजे झेपेल त्याहून जास्त सरावाने साचलेला थकवा. म्हणून मी आता प्रत्येक फेरीनंतर नाडीच्या शेजारी कष्टांचा दहापैकी आकडा लिहिते. अ‍ॅपमध्ये त्यासाठी जागा आहे, पण दिव्याच्या हिशेबात तो धरलाच जात नाही. माझ्या मते ही या अ‍ॅपची सगळ्यात मोठी उणीव.

पुढे सराव निम्म्यावर आणला, लांब फेऱ्या बंद, फक्त हलकं धावणं आणि अधूनमधून छोटे वेगाचे तुकडे. आणि इथे दिव्याने दुसरी करामत केली. आठवडाभरात नाडी ४७ वरून परत ५२-५३ वर आली, आरएमएसएसडी साठीच्या खाली उतरला, आणि दिवा लाल झाला! कारण अ‍ॅप ताज्या आकड्याची तुलना गेल्या काही आठवड्यांशी करतं, आणि ते आठवडे फुगलेले होते. त्याच आठवड्याच्या शेवटी ठरलेल्या फेरीत नाडी १५० आणि कष्ट साडेचार. वेगवान तुकड्यात नाडी पुन्हा १७७ ला भिडली. म्हणजे मी मोडकळीला आले तेव्हा हिरवा, सावरले तेव्हा लाल.

आठवडाभराच्या आरामाने कामगिरी परत आली, तेव्हा हे ओव्हररीचिंग सौम्य प्रकारचं होतं. युरोपातल्या क्रीडाविज्ञान आणि अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक संस्थेने २०१३ मध्ये एकत्रित निवेदनात ही वर्गवारी मांडली आहे: काही दिवस ते दोनेक आठवड्यांत सावरलं आणि पुढे फायदा झाला तर ते उपयुक्त ओव्हररीचिंग, आठवडे-महिने लागले तर निरुपयोगी, आणि त्याहूनही लांबलं तर ओव्हरट्रेनिंग सिंड्रोम. म्हणजे नेमकं काय झालं होतं ते सावरायला किती वेळ लागला यावरूनच ठरतं. सकाळच्या एका आकड्यावर हे निदान होत नाही, असं त्यातही स्पष्ट आहे.

आकडे गोंधळात टाकण्याच्या आणखी दोन-तीन तऱ्हा या महिन्यांत दिसल्या. एकदा सकाळी आरएमएसएसडी थेट १५० आला. ठोक्यांची कच्ची यादी उघडून पाहिली तर मध्येच एक ठोका लवकर पडला होता: एरवी अंतर १२०० मिलिसेकंद, तिथे ८००, आणि त्यानंतर १६००. लागोपाठचे फरक वर्ग करून सरासरी काढल्यामुळे असा एकच ठोका मिनिटभराच्या मोजणीत ५८ चा दीडशे करू शकतो. असे अधूनमधूनचे जादा ठोके अनेक धडधाकट लोकांनाही पडतात. चांगलं अ‍ॅप ते गाळतं, माझ्या अ‍ॅपमध्ये ती सोय सेटिंग्जमध्ये खोल दडलेली आणि मुळात बंद होती. आधी ती चालू करा.

दुसरं, ज्यांची नाडी मुळातच खूप कमी आहे त्यांच्यात नाडी आणि एचआरव्ही दोन्ही एकत्र खाली जाऊ शकतात. व्हेगसचा प्रभाव इतका सलग होतो की श्वासाबरोबरचा चढउतारच पुसट होतो. हे आडवं पडून मोजल्यावर जास्त दिसतं, म्हणून बसून किंवा उभं राहून मोजावं. आणि बायकांसाठी: पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात नाडी थोडी चढते, एचआरव्ही उतरते. मी आता मागच्या महिन्यातल्या त्याच टप्प्याशी तुलना करते. अ‍ॅपला यातलं काही सांगायची सोयच नाही, ही बाब खटकते.

घ्यावं का? आठवड्यातून तीनदा फिरायला जाणाऱ्यांना गरज नाही. ठरावीक वेळापत्रकाने सराव करणाऱ्यांनी पट्टा जरूर घ्यावा, रोजच्या दिव्याऐवजी सात दिवसांची सरासरी बघावी, आणि महागड्या सदस्यत्वाच्या नादी लागू नये, कारण त्यात मिळतात ते जास्त रंग. सराव कमी करूनही दोन-तीन आठवडे कामगिरी परत येत नसेल तर पट्टा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा, कारण रक्तातलं लोह, थायरॉइड, एखादा अंगात मुरलेला संसर्ग किंवा व्यायामाच्या मानाने फार कमी खाणं यांनीही असंच होतं, आणि कमी खाण्याने तर नाडीही खाली येते. छातीत दुखणं, भोवळ किंवा धडधड असेल तर तेवढीही वाट बघू नका.