खऱ्या नियमाच्या आडून उकळलेलं व्याज

आर्थिक वर्ष 2022-23 च्या प्राप्तिकरात माझ्या वडिलांची फसवणूक झाली. ज्याने केली तो कर सल्लागार चांगला ओळखीतला. वडील सत्तरी ओलांडलेले. पेन्शन, ठेवींचं व्याज आणि थोडं घरभाडं एवढंच उत्पन्न. टीडीएस वजा जाता 64,370 रुपये कर भरायचा होता. जुलैत त्याने "चलन मीच भरतो" म्हणून त्या रकमेचा चेक स्वतःच्या नावावर घेतला. मुदत होती 31 जुलै 2023. कर आणि रिटर्न दोन्ही भरले गेले 5 नोव्हेंबरला.

मग त्याने हिशोब पाठवला: विलंब शुल्क 5,000 आणि व्याज 10,252 रुपये. म्हणे, दरमहा तीन टक्के चक्रवाढ, जुलै ते नोव्हेंबर पाच महिने. "नोव्हेंबरचे पाचच दिवस झालेत," असं वडील म्हणाले, तर उत्तर आलं, "काका, एक दिवस झाला तरी अख्खा महिना धरतात." हे शंभर टक्के खरं आहे. ते खरं निघालं म्हणून वडिलांनी बाकीचंही खरं मानलं आणि पैसे दिले.

रिटर्न उशिरा भरल्याचं, म्हणजे कलम 234अ चं व्याज महिन्याला एक टक्का आणि सरळव्याज. व्याजावर व्याज चढत नाही. मोजणी मुदतीच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे 1 ऑगस्टपासून. जुलै धरायचाच नाही. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर पूर्ण आणि नोव्हेंबर अपुरा असून पूर्ण, असे चार महिने. शंभराच्या आतले रुपये सोडून रक्कम 64,300 धरतात. त्यावर चार टक्के, म्हणजे 2,572 रुपये. रिटर्न 31 ऑक्टोबरलाच गेलं असतं तर 1,929 झाले असते. त्या पाच दिवसांची किंमत 643 रुपये. आगाऊ कर न भरल्याचं वेगळं व्याज असतं, पण धंद्याचं उत्पन्न नसलेल्या साठीपुढच्या रहिवाशाला आगाऊ कराची सक्तीच नाही.

वरचे 7,680 रुपये त्याने सरळ खिशात घातले. मला जास्त संताप येतो तो उरलेल्या 2,572 चा. कर जुलैतच भरला असता आणि रिटर्न उशिरा गेलं असतं, तरी त्या रकमेवर हे व्याज लागलं नसतं. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं, म्हणजे सीबीडीटीचं 2015 चं परिपत्रक तसं स्पष्ट सांगतं. तीन महिने त्याने वडिलांचे पैसे वापरले आणि त्याचं व्याज वडिलांकडूनच घेतलं.

हे उघड झालं ते मी पोर्टलवरून रिटर्नची प्रत उतरवली तेव्हा. कराच्या हिशोबाच्या भागात 234अ, 234ब, 234क आणि 234फ यांच्या रकमा स्वतंत्र ओळींत असतात. पहिल्या ओळीत 2,572 होते, मधल्या दोन्हींत, म्हणजे आगाऊ कराच्या व्याजाच्या ओळींत, शून्य. प्रत समोर ठेवल्यावर त्याने 7,680 परत केले. उरलेल्यासाठी अजून टोलवतोय.

सल्लागाराला फी द्या, कराचा चेक देऊ नका. पोर्टलच्या ई-पे टॅक्समधून स्वतः भरा. दुसऱ्याने भरला असेल तर त्याच दिवशी चलन मागा आणि त्यावरचा बीएसआर कोड, चलन क्रमांक आणि मुख्य म्हणजे भरल्याची तारीख बघा.