पार्किंगच्या पावत्या वाचणारं ॲप: वाचन चोख, तारखांचा घोळ

माझ्या गाड्या पुण्यातल्या कंपन्यांकडे ड्युटीवर लागतात, त्यातल्या बऱ्याच मुंबई विमानतळाच्या. पार्किंग आणि टोल प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे मिळतो, पण पावती आणि ट्रिप लॉग जुळला तरच. ड्रायव्हर पावतीचा फोटो टाकतो, ॲप त्यातून आत जायची वेळ, बाहेर पडायची वेळ आणि रक्कम उचलून लॉगमध्ये भरतं. त्यासाठी वर्षाची वर्गणी आगाऊ भरून बसलो आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ऑगस्टचं बिल एका कंपनीच्या अकाउंट्सने परत पाठवलं. लॉगमध्ये गाडी 8 डिसेंबरला पार्किंगमध्ये शिरली आणि 13 ऑगस्टला बाहेर आली, असं छापलेलं होतं. एका ओळीपायी महिन्याचं अख्खं बिल अडकलं.

मूळ पावती काढून बघितली. आत 12/08/2025 23:40, बाहेर 13/08/2025 02:15. रात्रीच्या विमानाची साधी ड्युटी, दोन तास पस्तीस मिनिटं. कस्टमर केअरला फोटो पाठवला तर उत्तर आलं, ‘फोटो स्पष्ट काढा.’ फोटो आरशासारखा स्वच्छ होता! पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. त्या दिवशी हे ॲप बंद करायचं ठरवलंच होतं.

मग नोंदीच्या तळाशी वाचलेला मूळ मजकूर दिसतो तो उघडला, आणि माझं मत बदललं. ॲपने एकही आकडा चुकीचा वाचला नव्हता. चूक अर्थ लावण्यात होती. 12/08 म्हणजे आधी महिना, मग दिवस, असं धरून त्याने 8 डिसेंबर केला. 13/08 मध्ये तेरावा महिना नसतोच, म्हणून तिथे मुकाट्याने क्रम उलटवून बरोबर 13 ऑगस्ट घेतला. म्हणजे तेरा तारखेपासून पुढच्या पावत्या नेहमी बरोबर येतात आणि आधीच्या बारा दिवसांतल्या दुसऱ्याच महिन्यात जाऊन पडतात. ऑगस्टमध्ये त्यातली फक्त 8 तारीख वाचते, कारण 08/08 कसंही वाचा, तेच. एरवी आत-बाहेर एकाच तारखेला असेल तर मुक्काम बरोबर दिसतो, म्हणून हे इतके महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. मध्यरात्र ओलांडली की मात्र उघडं पडतं. 5 तारखेच्या रात्री आत, 6 च्या पहाटे बाहेर, तर लॉगमध्ये 8 मे ते 8 जून, महिनाभराचं पार्किंग!

कारण फोनच्या सेटिंगमध्ये निघालं. ड्रायव्हरच्या फोनची भाषा English (United States) होती आणि ॲप तारखेचा क्रम तिथूनच घेतं. English (India) केल्यावर नव्या पावत्या सरळ झाल्या. जुन्या नोंदी आपोआप सुधारत नाहीत, त्या एकेक उघडून बदलाव्या लागतात. नवा ड्रायव्हर आला की आधी त्याच्या फोनची भाषा बघतो.

तरीही माझा राग आहे तो कायम आहे. पावतीवर बहुतेक वेळा एकूण मुक्कामही छापलेला असतो. बाहेरच्या वेळेतून आतली वजा करून त्याच्याशी ताडून पाहिली असती, तरी ही नोंद लाल झाली असती. भारतात पैसे घेऊन ॲप विकता, तर इथे दिवस आधी लिहितात एवढं फोनच्या भाषेवर सोडू नका.

रकमेचं वाचन चांगलं आहे, एक गोष्ट सोडून. काही पावत्यांवर ग्राहकाने दिलेले 500 आणि परत दिलेले 400 हेही छापतात, आणि ॲप मोठा आकडा उचलतं. खरी रक्कम ओळखायची तर करातून ओळखा: 84.74 मूळ, 7.63 सीजीएसटी, 7.63 एसजीएसटी, मिळून 100. ही बेरीज ज्या आकड्याला भिडते तोच भरलेला आकार.

टोलसाठी मात्र याच्या भरवशावर राहू नका. एकाच नाक्यावर आकार घेणाऱ्या टोलच्या पावतीवर वेळ एकच असते, आणि ॲप तीच आत-बाहेर दोन्हीकडे भरतं. फास्टॅगमुळे कागद तसाही क्वचितच हाती येतो, आणि मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर 2024 पासून माफच आहे. टोल मी फास्टॅगच्या स्टेटमेंटवरून भरतो.

फोटो मात्र पावती हातात पडताच काढायला लावा. थर्मल कागद डॅशबोर्डवर उन्हात राहिला तर काळा पडतो, मग कुठलंही ॲप काही वाचू शकत नाही.

वर्गणी संपेपर्यंत वापरणार आहे, कारण हाताने लॉग लिहिण्यात जाणारी संध्याकाळ वाचते. पुढच्या वर्षीचे पैसे मुक्काम ताडून पाहण्याची सोय आली तरच भरेन. तुम्ही असं कुठलंही ॲप फुकटच्या मुदतीत तपासत असाल, तर 12 तारखेच्या रात्री आत जाऊन 13 ला बाहेर पडलेल्या गाडीची पावती आधी टाकून बघा.