वेटेड ब्लँकेट: कोकणातल्या उकाड्यात घ्यायचं तर कोणतं?

नणंदेने गेल्या दिवाळीत सवलतीत मिळालं म्हणून सात किलोचं डबलबेड मापाचं वेटेड ब्लँकेट, म्हणजे मुद्दाम जड केलेलं पांघरूण, मागवलं. वरून मऊ केसाळ कापड, आत प्लॅस्टिकचे दाणे आणि दाणे टोचू नयेत म्हणून पॉलिस्टरचा थर. तिचं वजन ५६ किलो, राहायला रत्नागिरीत, खोलीत फक्त पंखा. पहिल्या रात्री अंगावर घेतल्यावर दहा मिनिटांत डोळा लागला, आणि एक वाजता मानेखालची उशी ओली करून ती उठली.

दोष तिच्या निवडीचा होता, ब्लँकेटचा नव्हे. अंगावर सगळीकडून सारखा दाब आला की काही जणांचं शरीर सैल पडतं. कुणाच्या डोक्यात रात्री विचारांची चक्की चालू असते, कुणाचे पाय अंथरुणात स्वस्थ राहत नाहीत, कुणाला घट्ट गुरफटून झोपायची सवय असते. अशांना हे बहुधा आवडतं. स्वीडनमध्ये २०२० साली नैराश्य, चिंताविकार वगैरे असलेल्या १२० निद्रानाशी रुग्णांवर चार आठवड्यांचा प्रयोग झाला. निम्म्यांना धातूच्या साखळ्या भरलेलं सहा ते आठ किलोचं, बाकीच्यांना दीड किलोचं पांघरूण दिलं. जड पांघरुणवाल्यांची झोप बरीच जास्त सुधारली. अर्थात अंगावर किती भार आहे हे ज्याचं त्याला कळतंच, त्यामुळे मनाचा भाग किती हे वेगळं काढता येत नाही. शिवाय ते पडले स्वीडनचे लोक! ज्यांना बंद लिफ्टमध्ये जीव घाबरतो किंवा अंगावरची चादरही पायाने ढकलायची सवय आहे, त्यांनी पैसे घालवू नयेत.

साधारण हिशेब असा, की ब्लँकेट आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं असावं. म्हणजे नणंदेला साडेपाच किलो. मी तिला पाचच घ्यायला लावलं. पण किलोइतकंच माप महत्त्वाचं, आणि ते कुणी बघत नाही. पाच किलो १२० बाय १८० सेंटीमीटरवर पसरले तर चौरस मीटरला सव्वादोन किलोच्या वर पडतात. तेच १५० बाय २०० च्या ब्लँकेटवर पावणेदोनही नाहीत. वर ते कॉटच्या कडेवरून लोंबलं, की रात्रभर एका बाजूला घसरत राहतं. म्हणून दोघांत एक घेऊ नये, ज्याचं त्याने आपल्या मापाचं घ्यावं.

आता उकाडा. आपल्याकडे हवाच इतकी दमट, की घाम वाळत नाही, आणि झोप लागायला तर शरीर थोडं थंड व्हावं लागतं. केसाळ, प्लॅस्टिक दाण्यांचं ब्लँकेट एसीच्या खोलीतच चालेल. पावसात वीज गेली की तेही अंगावरून काढावं लागेल. सुती कापडात काचेचे बारीक मणी भरलेलं पातळ राहतं, कारण काच जड, थोडीच लागते. पंख्याखाली डिसेंबर-जानेवारीत ते पूर्ण अंगावर घेता येतं. तिसरं, जाड दोऱ्याचं विणलेलं, आत काहीच न भरलेलं. त्याच्या भोकांतून वारा खेळतो, म्हणून उकाड्याला तेच सर्वांत बरं; पण महाग असतं आणि दाब तितका एकसारखा पडत नाही. नणंदेने मण्यांचं घेतलं. एप्रिलपासून ती ते दुमडून फक्त मांड्यांपासून पावलांपर्यंत घेते, छाती मोकळी. तिचा त्रास पायांचाच, त्यामुळे तेवढं पुरतं.

घ्यायच्या आधी घरीच अंदाज घ्या. पाऊण-एक किलो तांदूळ उशीच्या अभ्र्यात सैल भरून, तोंड शिवून, आडवं पडल्यावर मांड्यांवर वीस मिनिटं ठेवा. बरं वाटलं तर पुढचा विचार. कायमचं मात्र असं करू नका, तांदळाला पोरकिडे लागतात. पुळणीवरची वाळू तर नकोच. तिच्यातलं मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि ती कायम ओलसर राहते.

नवं ब्लँकेट पहिले काही दिवस जागेपणी वापरा. कूस बदलता येत नसेल, हाताला मुंग्या येत असतील, किंवा झोपेतून उठल्यावर एका हाताने ते बाजूला सारता येत नसेल, तर ते जड आहे. सासऱ्यांनीही मागून पाहिलं होतं. ते घोरतात, मध्येच श्वास अडकतो. त्यांना दिलं नाही. झोपेत श्वास अडकणारे, दम्याचे, पायांची संवेदना गेलेले मधुमेही आणि गरोदर बायका यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. अंगावरचं स्वतःहून काढू न शकणाऱ्या म्हाताऱ्यांवर आणि लहान मुलांवर ते घालूच नये.

धुण्याचं म्हणाल तर वरची खोळ काढता येणारंच घ्या. खोळ दर आठवड्याला धुता येते. आतलं ब्लँकेट ओलं झालं की घरच्या मशीनला झेपत नाही, दोरीवर टाकलं तर दोरीच खाली येते. जूनच्या आधी ते दोन कडक उन्हं दाखवून ठेवायचं. श्रावण उजाडेपर्यंत न वापरता कपाटात कोंबलेल्या ब्लँकेटला काळे ठिपके पडतात, आणि बुरशीचा तो वास मग जाता जात नाही.