९० दिवसांची उधारी की ३० टक्के ॲडव्हान्स?

जुना ग्राहक ४५ ऐवजी ९० दिवस मागतो, तेव्हा हो किंवा नाही यापलीकडेही एक उत्तर असतं. भोसरीतल्या एखाद्या शीटमेटल फॅब्रिकेटरचा हिशेब धरू. ऑर्डर १० लाखांची, १८ टक्के जीएसटी धरून बिल ११.८० लाख. पत्र्याला ६ लाख अधिक कर, आणि पत्रेवाला रोखीशिवाय माल सोडत नाही.

९० दिवस दिले, तर बनवायचे २० दिवस धरून पत्र्याचे पैसे ११० दिवस अडकतात. वर जीएसटी थांबत नाही. पत्र्यावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट वजा करून उरणारे ७२ हजार पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावेच लागतात, ग्राहकाने दमडी दिलेली नसली तरी. बँकेच्या कॅश क्रेडिटचं, म्हणजे सीसीचं, व्याज १२ टक्के असेल, तर ११.८० लाख जादा ४५ दिवस अडकण्याची किंमत साधारण १७,५०० रुपये. भाव वाढवून ती वसूल होईल, पण पुढच्या ऑर्डरचा पत्रा आणायला लिमिटच उरली नाही तर वाढीव भावाचा उपयोग काय?

३० टक्के ॲडव्हान्स आणि बाकी ४५ दिवसांत, असं ठरलं तर निम्म्या पत्र्याचे पैसे आधीच हातात येतात. तीन लाखांवरचं ६५ दिवसांचं व्याज, सुमारे ६,४०० रुपये, वाचतं. त्यातून अर्धा टक्का, म्हणजे ५ हजार, सूट ग्राहकाला खुशाल द्यावी. मालाच्या ॲडव्हान्सवर लगेच जीएसटी लागत नाही. जॉबवर्क असेल तर मात्र पैसे मिळताच लागतो.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडे आणखी एक आधार आहे. लेखी करार असला तरी कायद्याने ४५ दिवसांपलीकडची मुदत चालत नाही. मुदत उलटलेलं बिल ३१ मार्चला थकलेलं असेल, तर ग्राहकाला त्या वर्षी तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. हे धमकी म्हणून नको, त्याच्या अकाउंट्सवाल्यांशी बोलताना सांगावं. निव्वळ व्यापाऱ्याला आयकराचा हा मुद्दा वापरता येत नाही.

मी असं लिहीन: "साहेब, ९० दिवस जमणार नाहीत, पत्रा रोखीने घ्यावा लागतो. पीओसोबत ३० टक्के दिलेत तर अर्धा टक्का बिलातच कमी करतो. बाकी नेहमीप्रमाणे ४५ दिवसांत."

पुढच्या तारखेचा चेक म्हणजे ॲडव्हान्स नव्हे. रक्कम खात्यात आल्यावरच पत्रा कापावा. माल तीन खेपांत जाणार असेल, तर ॲडव्हान्स प्रत्येक बिलात ३० टक्क्यांनी वळता होईल असं पीओवर लिहून घ्यावं. नाहीतर तो पहिल्याच बिलात संपतो आणि उरलेला माल पूर्ण उधारीवर जातो. मोठ्या कंपन्या ॲडव्हान्ससाठी बँक गॅरंटी मागतात. बँकेने त्यावर मोठं मार्जिन अडकवलं तर हा पर्याय फुकट जातो. अशा वेळी ॲडव्हान्सऐवजी पत्राच ग्राहकाकडून मागून घ्यावा आणि आपण फक्त जॉबवर्कचं बिल लावावं.